गणपतीचं तिकीट आणि १५ तारखेची मुलाखत

*ताई, मी ठाण्यात राहतो. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये पाच वर्षं झाली. एका कंपनीत दोन राउंड झाले, दोन्ही चांगले गेले. आज, बुधवारी २ सप्टेंबरला, रिक्रूटरचा गुरुग्रामहून फोन आला. तिसरा राउंड मंगळवारी १५ तारखेला सकाळी अकराला, ऐरोलीच्या ऑफिसात, प्रत्यक्ष. मी गडबडीत "हो, बघतो" म्हणालो. १४ ला चतुर्थी आहे आणि यंदा मूळ घरातल्या गणपतीची पाळी आमची. कुडाळचं तिकीट १३ जुलैला सकाळी आठच्या ठोक्याला काढलंय. शुक्रवारी ११ ला रात्री निघणार, रविवारी २० ला संध्याकाळची परतीची गाडी. आता तारीख बदलून मागितली तर जागा दुसऱ्याला जाईल अशी भीती वाटते. एक मित्र म्हणतो, आजी आजारी आहे असं सांग. दुसरा म्हणतो, गावाहून ऑनलाइन दे. काय करू?*
*– स. प., ठाणे*

स. प., तुमच्या पत्रात मला गणपतीपेक्षा ते "हो, बघतो" जास्त खटकलं. तुमच्या लेखी ते अजून ठरायचंय. फोनच्या पलीकडे मात्र त्याच मिनिटाला तुमच्या नावापुढे 'कन्फर्म्ड' लागलेलं असतं. मी बारा वर्षं भरतीचंच काम केलं आणि 'बघतो' हा शब्द एकदाही 'नाही' म्हणून लिहून घेतला नाही. म्हणूनच पत्र आल्या आल्या तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या की गुरुवारी सकाळी पहिला फोन तिला करा. सविस्तर इथे लिहिते, कारण दिवाळीपर्यंत हाच प्रश्न कितीतरी जणांपुढे येणार आहे.

आधी ती मंगळवारची वेळ ठरते कशी, ते बघू. रिक्रूटर तुमच्यासाठी दिवस निवडत नाही. पॅनेलवर दोघे-तिघे असतात, त्यांतला एक हायरिंग मॅनेजर. या सगळ्यांच्या कॅलेंडरात एकाच वेळी मोकळा असलेला पाऊण तास शोधायचा आणि सापडला की लगेच अडवून ठेवायचा, हे तिचं काम. गुरुग्रामला बसून तिला एवढंच दिसलं असेल की १४ ला महाराष्ट्रात सुट्टी आहे आणि १५ ला सगळे मोकळे आहेत. दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन १५ लाच असतं आणि त्या दिवशी मुंबई-ठाण्यातले अर्धे लोक दुपारनंतर ऑफिसात नसतात, हे तिच्या कॅलेंडरात कुठेच लिहिलेलं नाही. तुमच्या पॅनेलवर कोणी मराठी माणूस असेल तर त्यालाही ती वेळ नकोच असेल. तेव्हा तुम्ही काही जगावेगळं मागताय असं समजू नका. पण या अंदाजावर गप्पही बसू नका, कारण पॅनेलमधल्या माणसाने वेळ बदलली तर ती कंपनीची अडचण ठरते आणि तुम्ही आयत्या वेळी बदललीत तर ती तुमच्या नावावर पडते.

आता जागा जाण्याची भीती. ती अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. एका जागेसाठी शेवटच्या राउंडला साधारण तीन-चार जण पोचलेले असतात आणि मॅनेजरला घाई असते. पहिलाच माणूस पसंत पडला तर पुढच्यांना बोलावतातच असं नाही. म्हणजे वेळ बदलून मागितल्याचा कोणाला राग येत नाही. धोका असतो तो तुमची मुलाखत इतरांच्या मागे ढकलली जाण्याचा. एवढं लक्षात आलं की काय मागायचं ते आपोआप ठरतं. १५ नंतरची नाही, १५ च्या आधीची वेळ मागा. बहुतेक उमेदवार "मी २१ नंतर उपलब्ध आहे" एवढंच सांगतात आणि आपण होऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहतात. तुमच्याकडे निघण्यापूर्वी कामाचे सात दिवस आहेत. मुलाखत ९ किंवा १० ला झाली तर रिक्रूटरच्या दृष्टीने तिचं काम पाच-सहा दिवस आधी उरकलं. अशी विनंती घेऊन मॅनेजरकडे जायला तिलाही संकोच वाटत नाही.

मात्र "या आठवड्यात कधीही चालेल" असं म्हणू नका. ऐकायला ते सोयीचं वाटतं, पण त्यामुळे शोधाशोध पुन्हा तिच्याच गळ्यात पडते. तीन ठोस वेळा द्या, आणि त्या देण्याआधी सध्याच्या कंपनीत त्या दिवशी अर्धी रजा मिळते का ते बघून घ्या. दिलेली वेळ पुन्हा बदलावी लागली तर मात्र माझ्यासारखी बाईसुद्धा भुवया उंचावते. चौथी वेळ परतल्यानंतरची द्या, पण सोमवार २१ ची देऊ नका. कोकण रेल्वेचा मार्ग अजून बहुतांश एकेरी आहे आणि त्यावर गणपतीच्या जादा गाड्या धावत असतात. सकाळी साडेसहाला ठाण्यात उतरायचं म्हणता म्हणता नऊ वाजतात, मग अंघोळ, मग ऐरोली. मंगळवार २२ द्या.

आधी फोन, मग तासाभरात मेल. फोन अशासाठी की तिच्या आवाजावरून कळतं, तारीख हलणारी आहे की नाही. मेल अशासाठी की तो ती मॅनेजरला तसाच पुढे पाठवू शकते, तिला स्वतःचे शब्द खर्चावे लागत नाहीत. तुम्ही मेल इंग्रजीतच लिहाल, पण मजकूर आणि त्याचा क्रम असा ठेवा :

> विषय : तिसऱ्या राउंडची वेळ, १५ सप्टेंबरऐवजी
>
> नमस्कार. आज सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे, तिसऱ्या राउंडसाठी मी तयार आहे. शुक्रवार ११ सप्टेंबरच्या रात्रीपासून रविवार २० सप्टेंबरपर्यंत मात्र मी गावी असेन. घरच्या गणेशोत्सवासाठीचा हा प्रवास जुलैमध्येच ठरला आहे. पुढीलपैकी कोणत्याही वेळी मी ऐरोलीच्या ऑफिसात येऊ शकतो : सोमवार ७, दुपारी २ ते ६. बुधवार ९, दिवसभर. गुरुवार १०, सकाळी १० ते १. यांपैकी काहीच जमत नसेल तर मंगळवार २२, दिवसभर. वेळ ठरली की १५ तारखेची इन्व्हाइट रद्द करून नवी पाठवावी, ही विनंती.

बस्स, एवढंच. यात माफी नाही, हे मी मुद्दाम केलंय. तीन वेळा 'सॉरी' लिहिलेला मेल वाचला की वाचणाऱ्याला उगाच वाटतं, काहीतरी मोठी गैरसोय होणार आहे. पाळीचं, माटवी कोण बांधणार याचं, तिकीट किती सेकंदांत संपलं याचं वर्णनही नको. फोनवर तिने सहज विचारलं तर एक वाक्य पुरे : "बिहारच्या माणसाला छठ, तसा कोकणातल्या माणसाला गणपती." गुरुग्राममध्ये बसलेल्या माणसाला हे चटकन कळतं. छठला आपले सहकारी कसे एकजात गावी जातात, ते तिने पाहिलेलं असतं.

आणि आजीला कृपा करून बरी राहू द्या. खोटं बोलू नये हे तुम्हाला घरी शिकवलेलं असेलच. मी त्यातली व्यावहारिक अडचण सांगते. आजारपणाला परतीची तारीख नसते. आजी आजारी म्हटलं की रिक्रूटर विचारणार, "मग कधी जमेल?", आणि तुम्हाला उत्तर देता येणार नाही, कारण नेमकी २२ तारखेला आजी बरी होणार असं कोण सांगू शकतं? तिच्या लेखी तुम्ही 'अनिश्चित' झालात आणि अनिश्चित उमेदवारासाठी कोणी जागा धरून ठेवत नाही. आधीच ठरलेल्या प्रवासाला दोन्ही टोकांना तारीख असते, ती कॅलेंडरात बसवता येते. शिवाय तिचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे आणि तुमचा तिच्या. चतुर्थीच्या दुपारी तुम्ही आरतीचं स्टेटस टाकणार, आणि ते तिला दिसणार. माझ्या बाबतीत हे दोनदा झालंय. दोन्ही वेळा मी काही बोलले नाही, पण पुढे त्या मुलांनी पगाराचे आकडे सांगितले तेव्हा ते नेहमीपेक्षा जास्त बारकाईने तपासले.

मेल गेल्यावर लोक निर्धास्त होतात आणि खरा घोटाळा तिथेच होतो. तारीख ठरवणारी रिक्रूटर वेगळी आणि इन्व्हाइट पाठवणारी कोऑर्डिनेटर वेगळी, असं मोठ्या कंपन्यांत सर्रास असतं. माझ्याच हाताखाली घडलेली गोष्ट सांगते. एका उमेदवाराने फोनवर रीतसर वेळ बदलून घेतली, आमच्या रिक्रूटरने "हो, चालेल" म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच रजेवर गेली. कोऑर्डिनेटरला काहीच माहीत नव्हतं. जुनी इन्व्हाइट तशीच राहिली, पॅनेल ठरल्या वेळी येऊन बसलं, पंधरा मिनिटं वाट पाहून उठलं. सिस्टीममध्ये त्या मुलाच्या नावापुढे 'नो-शो' पडलं. त्याची काडीचीही चूक नव्हती. पण तो शेरा पुसायला मला तीन मेल आणि मॅनेजरच्या केबिनची एक फेरी लागली, आणि तोवर त्या जागेवर दुसऱ्याचं नाव पक्कं झालं होतं.

म्हणून एक साधी खूण लक्षात ठेवा. नवी इन्व्हाइट येणं आणि जुनी रद्द झाल्याचा मेल येणं, या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय काम झालं असं समजू नका. फोनवरचं "डोन्ट वरी" यात धरायचं नाही. जुन्या इन्व्हाइटवर नुसतं `Decline` दाबून गप्प बसणंही चुकीचं. ते उत्तर कोऑर्डिनेटरच्या भरलेल्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतं आणि त्यातून 'हा येणार नाही' एवढाच अर्थ निघतो. गुरुवारी पाठवलेल्या मेलला शुक्रवारी दुपारी बारापर्यंत उत्तर नसेल तर पुन्हा फोन करा, आणि इन्व्हाइट ज्या पत्त्यावरून आली त्यालाही प्रत लावून तोच मेल पुन्हा पाठवा. शनिवार-रविवार मध्ये येतोय. शुक्रवारी हे झालं नाही तर सोमवार ७ ची वेळ तशीच हातची जाईल.

समजा ती म्हणाली, "१५ शिवाय जमणारच नाही." तर लगेच हार मानू नका आणि हुज्जतही घालू नका. दोन प्रश्न विचारा. पॅनेल १५ नंतर आणखी कोणाला भेटणार आहे का? आणि या जागेचा निर्णय कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा आहे? पहिल्याचं उत्तर "हो, १७ आणि १८ ला आहेत" असं आलं, तर दार उघडं आहे आणि २२ ची वेळ मागण्यात अर्थ आहे. क्लायंटच्या प्रोजेक्टची सुरुवात ठरली आहे, महिनाअखेरीस माणूस हवाच, असं ती तारखेसह सांगत असेल तर ते बहुधा खरं असतं. एकाच दिवशी सगळ्यांना बोलावून भरतीची ड्राइव्ह लावली असेल, तर तो दिवस एका माणसासाठी हलत नाही. अशा वेळी पुढची ड्राइव्ह कधी आहे, एवढंच विचारायचं. आणि उत्तर नुसतं "पोझिशन क्लोज होईल, बघा बुवा" असं मोघम आलं, तर तो बऱ्याचदा दबाव असतो.

तुम्हाला फोन करणारी व्यक्ती कंपनीची आहे की कन्सल्टन्सीची, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मेलच्या पत्त्यावरून कळेल. कन्सल्टन्सीवाल्यांना पैसे मिळतात ते उमेदवार रुजू झाल्यावर, त्यामुळे तुमची अडचण कंपनीपर्यंत नेण्यापेक्षा तुम्हालाच १५ ला उभं करणं त्यांना सोपं वाटतं. वाईट माणसं नसतात ती, त्यांचं गणित तसं असतं. त्यांना सरळ म्हणा, "माझा मेल जसाच्या तसा कंपनीच्या एचआरकडे पाठवाल का, आणि मला प्रतीत ठेवाल का?" त्यांना डावलून कंपनीला परस्पर मेल मात्र करू नका. त्यातून कन्सल्टन्सी आणि कंपनीच्या भांडणात तुम्ही सापडता.

ऑनलाइनचं बोलू. मी त्याला शेवटचा उपाय मानते. सप्टेंबरातला कोकण, पावसाची सर आली की वीज जाते, वीज गेली की वायफाय जातं, आणि घरात तीस माणसं एकाच टॉवरवर. एका मुलाने मला मागच्या पडवीत बसून मुलाखत दिली होती. विषय त्याला उत्तम येत होता. पण दहाव्या मिनिटाला माजघरात भजन सुरू झालं, आणि पॅनेलच्या फीडबॅकमध्ये आलं की संवाद अस्पष्ट. कंपनी स्वतःहून ऑनलाइनचा पर्याय देत असेल आणि दुसरं काहीच जमत नसेल, तर १५ ऐवजी बुधवार १६ किंवा गुरुवार १७ ची सकाळ मागा. तुमच्या घरचा गणपती पाच दिवसांचा असेल तर १८ ला विसर्जन, तो दिवस नकोच. मुलाखत वाडीतल्या घरातून देऊ नका, कुडाळ शहरात ज्या नातेवाइकाकडे फायबरचं कनेक्शन आणि इन्व्हर्टर आहे त्याच्याकडे जाऊन द्या. शनिवारी १२ ला गावी पोचलात की त्याच खोलीतून, त्याच वेळेला, मित्राला व्हिडिओ कॉल लावून पाऊण तास बोलून बघा. दोन मिनिटांच्या चाचणीत काही कळत नाही.

आणि काहीच जमलं नाही तर? सोमवारी प्रतिष्ठापना करून रात्री परत फिरणं, मंगळवारी ऐरोली, पुन्हा रात्रीची गाडी. हे तिकिटाशिवाय करायचं म्हणजे ऐन गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर रात्र काढायची, किंवा मोपाहून विमान आणि त्याचे त्या आठवड्यातले दर. हे करावं की नाही, ते मी इथून ठरवू शकत नाही. मी असते तर एकच गोष्ट बघितली असती : पगार आणि पद यांवर आधीच स्पष्ट बोलणं झालंय का. झालं असेल तर तो राउंड निर्णयाचा आहे आणि विमानाच्या तिकिटाचा विचार करता येतो. झालं नसेल तर १५ नंतरही अजून दोन पायऱ्या बाकी आहेत. त्यासाठी पाळीच्या वर्षी घरातून उठून यावं, असं मला वाटत नाही. यात जागा गेली तर गेली. भरतीच्या बाजूने बसून मी अशा जागा जाताना पाहिल्या आहेत, आणि चार महिन्यांनी त्याच उमेदवाराला त्याच कंपनीने दुसऱ्या टीमसाठी बोलावतानाही पाहिलं आहे. त्याच्या नावापुढे 'नो-शो'चा शेरा नव्हता, म्हणून.

जाता जाता, मुलाखत ९ ला होऊन निघण्याआधीच तोंडी होकार आला, तरी राजीनामा गावाहून आल्यावरच द्या. पहिलं कारण, ऑफर लेटर हातात आलेलं नसेल. दुसरं असं की बऱ्याच कंपन्या नोटीस पीरियडमध्ये घेतलेली रजा शेवटच्या दिवसापुढे जोडतात. १४ ते १८ ची मंजूर रजा राजीनाम्याआधी घेतलीत तर ती साधी रजा, राजीनाम्यानंतर घेतलीत तर रुजू होण्याची तारीख आठवडाभर पुढे जाऊ शकते आणि मग नव्या कंपनीत पुन्हा तारखेचाच घोळ.

शुक्रवारी ११ ला, स्टेशनवर जायच्या आधी, फोनमधलं कॅलेंडर उघडून १५ तारखेचा रकाना बघा. सकाळी अकराला तिथे काहीही दिसत असेल, तर गाडी सुटण्यापूर्वी एक फोन अजून बाकी आहे.